मधले दोन आकडे

दोन घरं आहेत आणि किराणा मालाची चार दुकानं. दोन्ही घरांना महिन्याला तांदूळ, तूरडाळ आणि तेल किती लागतं ते ठाऊक आहे. चारही दुकानांतले या तीन जिनसांचे भावही ठाऊक आहेत. कोणत्या घराचं कोणत्या दुकानातलं बिल किती होईल, एवढंच काढायचं आहे.

पहिल्या घरात तांदूळ ४ किलो, डाळ ३ किलो, तेल २ लिटर. दुसऱ्या घरात भात जास्त आणि वरण पातळ, म्हणून तांदूळ १० किलो, डाळ १ किलो, तेल २ लिटर. हे एका तक्त्यात मांडलं तर दोन ओळी आणि तीन स्तंभ होतात. दुकानांचे भाव दुसऱ्या तक्त्यात मांडू. त्यात प्रत्येक ओळ एका जिनसाची आणि प्रत्येक स्तंभ एका दुकानाचा, म्हणजे तीन ओळी आणि चार स्तंभ.

```
A (2 x 3)        B (3 x 4)
 4  3  2          50   55   52   46
10  1  2         140  130  135  150
                 150  150  145  155
```

पहिल्या घराचं पहिल्या दुकानातलं बिल कुणीही तोंडी करील. तांदळाचे ४ गुणिले ५० म्हणजे २००, डाळीचे ३ गुणिले १४० म्हणजे ४२०, तेलाचे २ गुणिले १५० म्हणजे ३००. एकूण ९२० रुपये. पहिल्या तक्त्याची एक आडवी ओळ घेतली, दुसऱ्याचा एक उभा स्तंभ घेतला, जोडीजोडीनं गुणलं आणि बेरीज केली. अशी आठ बिलं काढली की मॅट्रिक्सचा गुणाकार झाला.

```
C (2 x 4)
920  910  903  944
940  980  945  920
```

पहिल्या घरानं तिसऱ्या दुकानात जावं आणि दुसऱ्यानं चौथ्या, हे उत्तरात दिसतंच. बारावीत हा गुणाकार शिकताना अनेकांना प्रश्न पडतो, की बेरीज करताना जागच्या जागी आकडे मिळवायचे आणि गुणाकाराला मात्र ही आडवी-उभी कसरत कशासाठी. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञानं १८५८ मध्ये मॅट्रिक्सवरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला तेव्हा तो लंडनमध्ये वकिली करत होता. एकापाठोपाठ एक केलेली दोन रूपांतरं एकाच पायरीत कशी लिहावीत, या विचारातून त्याची गुणाकाराची रीत आली. पण आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. किराण्याचं बिल दुसऱ्या कुठल्या रीतीनं होतच नाही, हे कारण पुरेसं आहे.

आता अटीचं पाहू. पहिल्या तक्त्याचे स्तंभ म्हणजे जिन्नस आणि दुसऱ्या तक्त्याच्या ओळी म्हणजेही जिन्नस. घराला तीन जिन्नस लागत असतील आणि भाव चार जिनसांचे दिले असतील, तर चौथ्या भावाला गुणायला काहीच नाही. भाव दोनच दिले असतील, तर तिसऱ्या जिनसाचं बिल होत नाही. पहिल्याचे स्तंभ आणि दुसऱ्याच्या ओळी सारख्या असल्याच पाहिजेत, ही पुस्तकातली अट म्हणजे एवढंच. आकार शेजारीशेजारी लिहिले, २×३ आणि ३×४, की मधले दोन आकडे जुळायला हवेत. बाहेरचे दोन, २ आणि ४, हा उत्तराचा आकार.

इंजिनिअरिंगच्या किंवा बीसीएच्या पहिल्या वर्षाला सी भाषेच्या प्रॅक्टिकलमध्ये हा प्रोग्रॅम हमखास असतो. बहुतेकांच्या जर्नलमध्ये तो असतोही आणि स्क्रीनवर उत्तरही बरोबर आलेलं असतं. तरी त्यातले कितीतरी प्रोग्रॅम चुकीचे असतात. याचं कारण ते तपासायला वापरलेले आकडे. सगळे जण २×२ चे दोन मॅट्रिक्स देतात आणि २×२ मध्ये चुका लपून बसतात. त्या कशा लपतात, आणि अट तपासली नाही तर सी भाषा नेमकं काय करते, हेच इथे बघायचं आहे.

आधी बरोबर प्रोग्रॅमचा गाभा.

```c
for (i = 0; i < r1; i++) {
    for (j = 0; j < c2; j++) {
        sum = 0;
        for (k = 0; k < c1; k++)
            sum = sum + a[i][k] * b[k][j];
        c[i][j] = sum;
    }
}
```

इथे `r1` आणि `c1` म्हणजे पहिल्या मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ, `r2` आणि `c2` दुसऱ्याच्या. तीन लूप एकात एक आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. `i` घर निवडतो, `j` दुकान निवडतो आणि `k` जिनसांवरून एकेक करून जातो. `k` चं स्थान बघा: `a` मध्ये तो दुसऱ्या कंसात आहे, `b` मध्ये पहिल्या. जिन्नस तिथे स्तंभांत आहेत आणि इथे ओळींत. मधले दोन आकडे जुळायला हवेत ही अट कोडमध्ये याच एका अक्षरात बसली आहे, कारण एकच `k` दोन्हीकडे फिरतो. त्याची मर्यादा `c1` लिहिली काय आणि `r2` लिहिली काय, दोन्ही सारखे असतील तर फरक पडत नाही. सारखे नसतील तर फार फरक पडतो, आणि तो कसा ते पुढे येईलच.

सी मध्ये मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे पहिल्या घराचा क्रमांक ० आणि चौथ्या दुकानाचा ३. आपल्या उदाहरणात गुणाकार किती झाले? २ घरं, ४ दुकानं, ३ जिन्नस, म्हणजे २४.

आता समजा मधली अट तपासलीच नाही. दुकानदारांनी साखरेचा भावही कळवला म्हणून कुणी दुसरा मॅट्रिक्स ४ ओळींचा दिला. सोयीसाठी पहिली दोनच दुकानं घेऊ, म्हणजे दुसरा मॅट्रिक्स ४×२ चा आणि त्याची शेवटची ओळ साखरेची, भाव ४५ आणि ४४. पहिला मॅट्रिक्स मात्र तोच, २×३ चा. हा गुणाकार होऊच शकत नाही. प्रोग्रॅम काय करील?

`k` ची मर्यादा `c1` असेल तर तो तीन जिन्नस मोजून थांबेल. साखरेच्या ओळीकडे तो बघणारच नाही, आणि ९२०, ९१०, ९४०, ९८० अशी नीटनेटकी उत्तरं छापेल. चूक झाली आहे हे स्क्रीनवर कुठेच कळणार नाही.

मर्यादा `r2` असेल तर मामला अधिक गमतीचा होतो. आता `k` तीनपर्यंत जाईल आणि प्रोग्रॅम `a[0][3]` मागेल, म्हणजे पहिल्या घराची साखर. ती कुणी भरलेलीच नाही. जावा किंवा पायथन इथे थांबून तक्रार करते. सी करत नाही. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली ती ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्यासारख्या कामांसाठी. प्रत्येक वेळी अ‍ॅरेची हद्द तपासत बसण्याचा वेळखाऊपणा तिथे परवडणारा नव्हता. म्हणून `a[0][3]` म्हटलं की भाषा फक्त पत्ता काढते आणि त्या पत्त्यावर जे असेल ते उचलते.

हा पत्ता कसा निघतो ते समजून घेतलं की पुढचं कोडं सुटतं. स्मृतीत तक्ता नसतो, सगळी घरं एका सरळ रांगेत असतात. सी ही रांग ओळीनं भरते, पहिली ओळ संपली की लगेच दुसरी सुरू. फोरट्रान ही जुनी भाषा स्तंभानं भरते, पण ते जाऊ दे. आपला पहिला अ‍ॅरे `int a[2][3]` असा बरोबर मापाचा घेतला असेल तर स्मृतीत आकडे असे बसतात.

```
 4   3   2   10   1   2
```

`a[i][j]` चा क्रमांक म्हणजे `i` गुणिले ओळीची लांबी, अधिक `j`. `a[0][3]` साठी ०×३+३, म्हणजे तीन. शून्यापासून मोजून तिसऱ्या जागी १० आहे. हे १० म्हणजे दुसऱ्या घराचा तांदूळ! तो पहिल्या घराची साखर म्हणून मोजला जाईल, ४५ नं गुणला जाईल, आणि पहिलं बिल ९२० ऐवजी १३७० होईल. चौथा जिन्नस वाढला आहे, तेव्हा बिल वाढणारच, असं समजून बघणाराही पुढे जाईल. दुसऱ्या घरासाठी `a[1][3]` मागितलं की मात्र क्रमांक सहा येतो आणि अ‍ॅरे तर पाचालाच संपला. तिथे काय असेल ते सांगता येत नाही. एखादा दुसराच व्हेरिएबल असेल किंवा जुना कचरा. सी च्या अधिकृत नियमांप्रमाणे ओळीच्या हद्दीबाहेरचं पहिलं वाचनसुद्धा बेकायदाच आहे आणि त्याचं काहीही होऊ शकतं. १३७० हे नेहमी दिसणारं उत्तर असलं तरी त्याची हमी नाही.

लॅबमध्ये बहुतेक जण बरोबर मापाचा अ‍ॅरे घेत नाहीत. `int a[10][10]` असा मोठा घेतात आणि त्याचा कोपरा वापरतात. मग `a[0][3]` ही जागा अ‍ॅरेच्या आतच असते, फक्त रिकामी. इथे आणखी एक वळण आहे. अ‍ॅरे `main` च्या आत घेतला असेल तर सी त्याला आपणहून काहीच भरून देत नाही. रिकाम्या जागेत आधीचं जे काही पडलेलं असेल ते निघतं, ज्याला मुलं गार्बेज व्हॅल्यू म्हणतात, आणि बिल कधी ९२० तर कधी उणे काही कोटी येतं. तोच अ‍ॅरे `main` च्या बाहेर, वर घेतला तर भाषेच्या नियमानुसार तो शून्यांनी भरलेला मिळतो. मग साखर शून्य किलो धरली जाते आणि उत्तर पुन्हा ९२०. एक ओळ वरून खाली हलवली आणि उत्तर बदललं, तर समजावं की प्रोग्रॅम न भरलेली जागा वाचतो आहे. एक ओळ हलवून हे तपासता येतं, आणि मला तरी ही युक्ती डीबगरपेक्षा सोपी वाटते.

तेव्हा तपासणी हवी. ती कुठे असावी याबद्दल पुस्तकं फारसं बोलत नाहीत. आकार वाचून झाले की लगेच, आकडे वाचायच्या आधी असावी. पुष्कळ प्रोग्रॅम दोन्ही मॅट्रिक्स भरून घेतात आणि मग सांगतात की गुणाकार शक्य नाही. बिचाऱ्यानं चौदा आकडे टाइप केलेले असतात.

```c
if (scanf("%d %d", &r1, &c1) != 2 ||
    scanf("%d %d", &r2, &c2) != 2) {
    printf("Enter whole numbers only\n");
    return 1;
}
if (r1 < 1 || r1 > MAX || c1 < 1 || c1 > MAX ||
    r2 < 1 || r2 > MAX || c2 < 1 || c2 > MAX) {
    printf("Each size must be 1 to %d\n", MAX);
    return 1;
}
if (c1 != r2) {
    printf("A is %d x %d, B is %d x %d: cannot multiply\n",
           r1, c1, r2, c2);
    return 1;
}
```

तीन तपासण्या आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. `scanf` आपण किती गोष्टी नीट वाचल्या तो आकडा परत देते. कुणी ३ ऐवजी अक्षर टाइप केलं तर ती वाचतच नाही आणि `c1` मध्ये आधीचा कचरा तसाच राहतो. त्या कचऱ्याची `r2` शी तुलना करण्यात अर्थ नाही, म्हणून ही तपासणी पहिली. दुसरी तपासणी मापाची. `MAX` दहा असताना कुणी १२ ओळी मागितल्या तर आकडे भरतानाच अ‍ॅरेबाहेर लिहिलं जाईल. चुकीच्या जागी वाचण्यापेक्षा लिहिणं वाईट, कारण त्यात दुसरे व्हेरिएबल पुसले जातात. मधल्या आकड्यांची तपासणी तिसरी. संदेशात दोन्ही आकार छापले आहेत हेही बघा. नुसतं 'इनव्हॅलिड' म्हटलं तर समोरच्याला काय चुकलं ते कळत नाही. आकार दिसले की आपण ओळी आणि स्तंभ उलटे टाकले हे त्याचं त्यालाच कळतं.

ही तिसरी अट लिहिताना तीन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे बेरजेच्या प्रोग्रॅमवरून उतरवलेली अट, `r1 == r2 && c1 == c2`. जर्नलमध्ये बेरीज आधी येते, त्यामुळे हे साहजिक आहे. अशी अट आपला किराण्याचा चांगलाभला गुणाकार नाकारते आणि दोन २×३ मॅट्रिक्सना मात्र बिनदिक्कत आत घेते, ज्यांचा गुणाकार होतच नाही. दुसरी चूक `r1 == c2`. मधल्याऐवजी बाहेरचे आकडे तपासले गेले. ही अट २×३ आणि ३×४ ला हाकलते, पण वरच्या साखरेच्या उदाहरणाला, म्हणजे २×३ आणि ४×२ ला, आनंदानं होकार देते. २×२ आणि २×२ दिले तर या दोन्ही चुकीच्या अटी बरोबर वागतात.

तिसरी चूक एका चिन्हाची आहे, आणि तिच्याकडे थोडं थांबून बघायला हवं.

```c
if (c1 = r2) {
    /* multiply */
}
```

दोन बरोबरच्या चिन्हांऐवजी एकच आलं. सी मध्ये एक चिन्ह म्हणजे तुलना नव्हे, किंमत भरणं. `r2` ची किंमत `c1` मध्ये भरली जाते, आणि ती शून्य नसेल तर अट खरी मानली जाते. म्हणजे ही तपासणी प्रत्येकाला पास करते. त्याहून वाईट असं, की तपासताना ती पुरावाच बदलून टाकते. २×३ आणि ४×२ दिले की `c1` तीनाचा चार होतो. लूपमध्ये `k < c1` असं जपून लिहिलेलं असलं तरी आता `k` तीनपर्यंत जाणार आणि दुसऱ्या घराचा तांदूळ पहिल्याची साखर होणार. अटीनंतर `c1` छापून बघितला तर हे लगेच पकडता येतं. जीसीसी कंपायलरला `-Wall` सांगितलं तर तो स्वतःच इशारा देतो. त्यात `suggest parentheses around assignment used as truth value` असे शब्द असतात. वाचायला अवघड वाक्य आहे, पण त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो, की एक बरोबरचं चिन्ह राहिलं. वर दिलेल्या कोडमध्ये `!=` वापरून आधी नकार तपासला आहे, त्यात ही घसरण होण्याची शक्यता कमी.

आता गुणाकाराच्या गाभ्यात होणाऱ्या चुकांकडे येऊ. `sum = 0` ही ओळ चुकून एक पायरी वर, `j` च्या लूपबाहेर गेली तर उत्तर असं येतं.

```
920  1830  2733  3677
940  1920  2865  3785
```

प्रत्येक ओळीतला पहिला आकडा बरोबर आणि पुढचे फुगत गेलेले. पहिल्या दुकानाच्या बिलात दुसऱ्याचं बिल मिसळलं, त्यात तिसऱ्याचं. हे चित्र एकदा डोळ्यांत बसलं की कोड न वाचताही चूक सांगता येते. ओळ आणखी वर, दोन्ही लूपबाहेर गेली तर दुसऱ्या ओळीचा पहिला आकडाही बिघडतो, ९४० च्या जागी ४६१७ येतो. आणि ओळ लिहिलीच नाही तर पहिलाच आकडा कचरा येतो. `sum` न वापरता थेट `c[i][j]` मध्ये बेरीज करणारेही असतात. त्यात गैर काही नाही, फक्त तिथेही `c[i][j] = 0` आधी हवं.

दुसरी चूक कंसांची. `b[k][j]` च्या जागी `b[j][k]` लिहिलं की आपण दुकानाच्या स्तंभाऐवजी जिनसाच्या ओळीनं गुणतो. पहिलं बिल ४ गुणिले ५०, अधिक ३ गुणिले ५५, अधिक २ गुणिले ५२ होतं, म्हणजे ४६९. इथे तीन दुकानांतले तांदळाचेच भाव वापरले गेले, ज्याला काही अर्थ नाही. `j` तीनवर गेला की `b` ची नसलेली चौथी ओळ वाचली जाते, तो तमाशा वेगळाच. पण हीच चूक २×२ मध्ये, आणि तीही दुसरा मॅट्रिक्स एकक मॅट्रिक्स असताना, दिसतच नाही. एकक मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ सारखेच असतात, उलटा वाचला काय आणि सुलटा काय. पहिला आहे तसा परत आला, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, असं म्हणून जर्नलवर सही होते. कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखे आकडे असलेला कोणताही मॅट्रिक्स हेच करतो.

म्हणून तपासायचे आकडे निवडताना `r1`, `c1` आणि `c2` तिन्ही वेगवेगळे घ्यावेत. २×३ आणि ३×२ हे उदाहरण पुष्कळ पुस्तकांत असतं आणि ते २×२ पेक्षा बरं आहे. पण त्यातही बाहेरचे दोन्ही आकडे २ आहेत, त्यामुळे `j < c2` ऐवजी `j < r1` लिहिलेलं पचून जातं, आणि `r1 == c2` ही चुकीची अटही. २×३ आणि ३×४ मध्ये यातलं काहीच पचत नाही. `j < r1` लिहिलं तर तिसऱ्या-चौथ्या दुकानाची बिलं काढलीच जात नाहीत आणि त्या जागी कचरा दिसतो. `j < c1` लिहिलं तर फक्त चौथ्या दुकानाचा स्तंभ बिघडतो. बिघडलेला भाग बघूनच लूप कुठे चुकला ते कळतं. यासोबत न जुळणारी एक जोडी, २×३ आणि ४×२, द्यावी आणि प्रोग्रॅम नकार देतो का ते पाहावं. या दोन चाचण्यांत वरच्या बहुतेक सगळ्या चुका सापडतात.

आकड्यांच्या मापाबद्दल एक छोटी गोष्ट. आपल्याकडे कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं टर्बो सी चालत आलं. त्यात `int` दोन बाइटचा असतो आणि त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. भाव रुपयांऐवजी पैशांत दिले तर पहिलं बिल ९२००० व्हायला हवं, पण तिथे २६४६४ दिसतं, म्हणजे ९२००० वजा ६५५३६. तर्क, लूप, अट, सगळं बरोबर असून उत्तर चुकतं. आजच्या बहुतेक कंपायलरमध्ये `int` चार बाइटचा असल्यानं दोनशे चौदा कोटींच्या पुढेपर्यंत अडचण येत नाही. टर्बो सी मध्येच काम करायचं असेल तर `long` घ्यावा.

व्हायव्हात हमखास येणारा प्रश्न म्हणजे `A` गुणिले `B` झाला तर `B` गुणिले `A` होतो का. आपल्या उदाहरणात `B` ३×४ आणि `A` २×३, मधले आकडे ४ आणि २. होत नाही. २×३ आणि ३×२ असते तर दोन्ही बाजूंनी झाला असता, पण एका बाजूनं २×२ आणि दुसऱ्या बाजूनं ३×३ उत्तर आलं असतं. त्यामुळे `B` गुणिले `A` काढायचा असेल तर अट नव्यानं, `c2 != r1` अशी तपासावी लागते. आधीची तपासणी तिथे चालत नाही.

आणि ही तपासणी कितीही नीट लिहिली तरी ती फक्त संख्या मोजते. भावांच्या तक्त्यात कुणी डाळ वर आणि तांदूळ खाली लिहिला तर तीनाला तीन जुळतातच. मग ४ किलो तांदूळ डाळीच्या भावानं आणि ३ किलो डाळ तांदळाच्या भावानं धरली जाते, आणि पहिलं बिल १०१० रुपये येतं. बघणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसत नाही. दुकानांचा तक्ता उभ्याचा आडवा करून दिला, म्हणजे ओळीत दुकानं आणि स्तंभात जिन्नस, तर आपल्या उदाहरणात चार आणि तीन जुळत नाहीत म्हणून प्रोग्रॅम थांबवील. दुकानं चाराऐवजी तीन असती तर ३×३ चा आडवा झालेला तक्ता ३×३ च राहिला असता आणि अडवायला काहीच उरलं नसतं. अशा वेळी आकडे वाचताना प्रोग्रॅमनं `Rice price in shop 1:` असं नाव घेऊन विचारावं. प्रत्येक किमतीला एक `printf` जास्त लागतो, एवढंच.